तीनशे मीटर भिंत, पंधरा लाख खर्च, पुढे किती?

एका शाळेच्या मैदानाभोवती १,००० मीटर लांबीची दगडी कुंपणभिंत बांधायची आहे, असे धरू. मंजूर रक्कम ४० लाख रुपये आणि मुदत दहा महिने. दर महिन्याला १०० मीटर भिंत उभी राहायची आणि त्यावर ४ लाख खर्च व्हायचे, असा हिशेब. आता चार महिने उलटले आहेत. भिंत झाली आहे ३०० मीटर आणि खर्च झाला आहे १५ लाख. विश्वस्तांच्या बैठकीत सरळ प्रश्न येतो : पूर्ण भिंत होईपर्यंत एकूण किती पैसे लागणार?

या एकूण रकमेच्या अंदाजाला प्रकल्प व्यवस्थापनात ‘एस्टिमेट अ‍ॅट कम्प्लिशन’ म्हणतात आणि सूत्रात EAC असे लिहितात. पीएमपीसारख्या परीक्षांत यावर गणित येऊ शकते. विद्यार्थी त्याची सूत्रे पाठ करून जातात, पण गुण जातात ते कोणते सूत्र कधी वापरायचे हे न कळल्यामुळे. आपल्या भिंतीसाठी ४३ लाख, ५० लाख आणि जवळजवळ ६२ लाख अशी तिन्ही उत्तरे निघू शकतात. त्यांतले कोणते खरे, हे पुढचे काम कसे होणार आहे यावर ठरते.

आधी हातातले आकडे मांडू. मूळ मंजूर रक्कम म्हणजे BAC, इथे ४० लाख. आजवर व्हायला हव्या होत्या त्या ४०० मीटरची ठरलेली किंमत म्हणजे PV, १६ लाख. प्रत्यक्ष झालेल्या ३०० मीटरची मूळ दराने किंमत म्हणजे EV, १२ लाख. आणि त्यासाठी झालेला खरा खर्च म्हणजे AC, १५ लाख. EV काढताना प्रत्यक्ष खर्चाकडे अजिबात बघायचे नाही. काम किती झाले आणि त्याला मंजुरीत किती रक्कम धरली होती, एवढेच पाहायचे. प्रश्नात ‘३० टक्के काम पूर्ण’ असे दिले असेल तर BAC चे ३० टक्के म्हणजे EV. ‘३० टक्के रक्कम खर्च’ असे दिले असेल तर तो AC. घाईत या दोन वाक्यांची अदलाबदल झाली की पुढचे सगळे गणित चुकते.

यातून दोन गुणोत्तरे मिळतात.

CPI = EV / AC = १२ / १५ = ०.८०

SPI = EV / PV = १२ / १६ = ०.७५

म्हणजे खर्च केलेल्या प्रत्येक रुपयामागे ८० पैशांचेच काम पदरात पडले आणि ठरलेल्या कामापैकी तीन चतुर्थांशच झाले.

आता साइटवर जाऊन जादा खर्चाचे कारण विचारायला हवे. समजा, अभियंता सांगतो की पायाच्या खोदाईत पहिल्या टप्प्यात कठीण खडक लागला आणि तो फोडण्यात जादा ३ लाख गेले. उरलेल्या ७०० मीटरमध्ये चाचणीखड्डे घेतले, तिथे मुरूमच आहे. अशा वेळी जे घडले ते पुन्हा घडणार नाही. उरलेले काम मूळ दरानेच होईल.

EAC = AC + (BAC − EV) = १५ + (४० − १२) = ४३ लाख

परीक्षेतल्या प्रश्नात अशा अडचणीला ‘अ‍ॅटिपिकल’ म्हणतात किंवा ‘पुढील काम मूळ अंदाजाप्रमाणे होईल’ असे लिहितात.

पण अभियंत्याने वेगळे सांगितले तर? दगडाचा भाव वाढला आहे, गवंडी धरला होता त्यापेक्षा कमी काम करतात आणि दोन्ही गोष्टी शेवटपर्यंत अशाच राहणार आहेत. मग आजवरचा CPI पुढेही चालू धरावा लागतो.

EAC = BAC / CPI = ४० / ०.८० = ५० लाख

हे सूत्र वेगळे वाटले तरी बांधणी पहिल्यासारखीच आहे : झालेला खर्च अधिक उरलेले काम. उरलेले २८ लाखांचे काम ०.८० ने भागले की ३५ लाख होतात. त्यात १५ मिळवले की ५०. प्रश्नात पुढच्या परिस्थितीबद्दल काहीच सांगितले नसेल, तर हेच सूत्र वापरावे.

तिसरी शक्यता सर्वांत महाग आहे. शाळा सुरू होण्याआधी भिंत झालीच पाहिजे, मुदत हलणार नाही. मग मागे पडलेले काम भरून काढायला जादा टोळ्या, जादा तास, जादा मजुरी आली. दर आधीच चढा आणि त्यावर घाईचा भार, म्हणून इथे दोन्ही गुणोत्तरे घेतात.

EAC = AC + (BAC − EV) / (CPI × SPI) = १५ + २८ / ०.६० = ६१.६७ लाख

या सूत्राची एक मर्यादा पुस्तकात क्वचितच ठळकपणे येते. काम पूर्ण झाले की EV आणि PV दोन्ही BAC एवढे होतात, त्यामुळे कितीही उशीर झालेल्या प्रकल्पाचा SPI शेवटी १ होतो. म्हणून प्रकल्पाच्या अखेरच्या भागात हे सूत्र उशिराचा भार दाखवतच नाही. ते सुरुवातीच्या आणि मधल्या काळातच वापरावे.

कधी मूळ अंदाजपत्रकच चुकलेले असते. उदाहरणार्थ, उतारावर भिंतीची उंची कमी धरली गेली. अशा वेळी जुन्या BAC वर उभे असलेले कोणतेही सूत्र उपयोगाचे नाही. उरलेल्या ७०० मीटरचे नव्याने मोजमाप करून दर लावायचे. ते ३६ लाख आले तर EAC = १५ + ३६ = ५१ लाख. प्रश्नात ‘नवा ETC’ दिलेला दिसला की फक्त बेरीज करायची.

कंत्राटदार ‘आम्ही ४० लाखांतच बसवू’ म्हणाला, तर ते तपासायलाही गणित आहे.

TCPI = (BAC − EV) / (BAC − AC) = २८ / २५ = १.१२

आजवर रुपयाला ८० पैशांचे काम झाले, इथून पुढे १ रुपया १२ पैशांचे हवे. म्हणजे कार्यक्षमता ४० टक्के वाढायला हवी. अमेरिकी संरक्षण खात्याच्या कंत्राटांचा डेव्हिड ख्रिस्टेन्सन आणि स्कॉट हाइझ यांनी अभ्यास केला, तो १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २० टक्के काम झाल्यानंतर CPI फारसा हलत नाही असे आढळले. तो निष्कर्ष त्या मोठ्या कंत्राटांपुरता आहे, प्रत्येक लहान कामाला तो लागू करू नये. तरीही ३० टक्के काम झाल्यावर ०.८० वरून १.१२ वर जाण्याचे आश्वासन मिळाले, तर ते कशाच्या आधारावर, हे विचारलेच पाहिजे.

आता एक गणित स्वतः सोडवा. BAC ६० लाख, PV ३० लाख, EV २४ लाख, AC २० लाख. CPI १.२० येतो, SPI ०.८०. काही अट नसेल तर EAC ५० लाख. बचत एकदाच मिळालेल्या सवलतीची असेल तर ५६ लाख. मुदत पक्की असेल तर गुणाकार ०.९६, आणि EAC ५७.५ लाख. खर्चात पुढे असलेले हे काम वेळेत मागे आहे, आणि ती मुदत गाठायची तर दिसणाऱ्या १० लाखांच्या बचतीतले साडेसात लाख उरत नाहीत. म्हणून उत्तरपत्रिकेत आकडा मांडण्याआधी कोणते गृहीत धरले ते एका ओळीत लिहा.