नोटपॅडमध्ये उगवलेली परसबाग

सातवीचा एक वर्ग डोळ्यांसमोर आणू या. लॅबमध्ये दहा संगणक आणि मुलं तीस, म्हणजे एका संगणकासमोर तिघं. इंटरनेट कधी असतं, कधी नसतं. शाळेच्या मागे परसबाग आहे आणि तिची माहिती सांगणारं एक वेबपान मुलांना मराठीत बनवायचं आहे. या कामाला इंटरनेट लागत नाही, विकतचं सॉफ्टवेअरही लागत नाही. विंडोजवरचं नोटपॅड आणि कोणताही ब्राउझर एवढं पुरतं. लॅबमध्ये लिनक्स असेल, तर त्यातला साधा टेक्स्ट एडिटरही चालतो.

बरेच शिक्षक पहिल्याच तासाला फळ्यावर दहा-पंधरा ओळींचा कोड लिहितात आणि मुलं तो उतरवून घेतात. पान दिसतं, पण कोणती ओळ कशासाठी आहे ते कळत नाही. त्यापेक्षा एकही टॅग न लिहिता सुरुवात करणं चांगलं. मुलं नोटपॅडमध्ये नुसता मजकूर टाइप करतात: वर शीर्षक, खाली एक वाक्य, मग एकेका ओळीवर मेथी, भोपळा, शेवगा. फाइलला नाव देतात `bag.html` आणि ती ब्राउझरमध्ये उघडतात. नोटपॅडमध्ये नीट ओळीत बसलेला मजकूर ब्राउझरमध्ये सलग एकाच ओळीत वाहत गेलेला दिसतो. एंटर दाबून केलेल्या नव्या ओळी ब्राउझर मोजत नाही, त्याच्या लेखी ती फक्त एक मोकळी जागा असते. शीर्षक कुठलं, परिच्छेद कुठला, यादी कुठली, हे त्याला वेगळं सांगावं लागतं. टॅग त्यासाठीच असतात, आणि ते मुलांना समजावण्याची वेळच येत नाही.

मग टॅग एकेक करून येतात. शीर्षकाभोवती `<h1>` आणि `</h1>` लावलं, फाइल सेव्ह केली, ब्राउझरमध्ये जाऊन `F5` दाबलं की अक्षरं मोठी आणि ठळक होतात. त्यानंतर वाक्याभोवती `<p>`, यादीभोवती `<ul>` आणि प्रत्येक भाजीभोवती `<li>`. एक बदल करायचा, सेव्ह करायचं, रिफ्रेश करून बघायचं, हा क्रम इथेच हाताला लागतो. तिघांपैकी एकाने टाइप करावं, दुसऱ्याने कोड वाचून दाखवावा आणि तिसऱ्याने पडद्यावर काय बदललं ते सांगावं. थोड्या वेळाने जागा बदलाव्यात. दुसऱ्या तासाच्या शेवटी पान साधारण असं होतं:

```html
<!DOCTYPE html>
<html lang="mr">
<head>
  <meta charset="utf-8">
  <title>आमची परसबाग</title>
</head>
<body>
  <h1>आमची परसबाग</h1>
  <p>शाळेच्या मागे पाच वाफे आहेत.</p>
  <ul>
    <li>मेथी</li>
    <li>भोपळा</li>
    <li>शेवगा</li>
  </ul>
  <img src="methi.jpg" alt="मेथीचा वाफा" width="400">
</body>
</html>
```

दुसऱ्या ओळीतलं `lang="mr"` पान मराठीत असल्याचं सांगतं. दृष्टिहीन वाचकांसाठी पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यावरून आवाज निवडू शकतं. ज्या फॉन्टमध्ये सोय केलेली असते, तिथे ल आणि श ही अक्षरं हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाने उमटतात.

खरी शिकवणी मात्र पान बिघडतं तेव्हा सुरू होते. वेबपानात चूक झाली, तरी ब्राउझर पडद्यावर काही बोलत नाही. तो अंदाज बांधतो आणि जमेल तसं पान दाखवतो. हा सैलपणा मुद्दाम ठेवलेला आहे. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेब उभं केलं आणि 1991 साली ते जगासमोर आलं. 1993च्या एप्रिलमध्ये सर्नने ते सर्वांसाठी विनामूल्य खुलं केलं. तेव्हापासून असंख्य लोकांनी हाताने, चुकतमाकत पानं लिहिली आणि ती सगळी उघडावीत अशी ब्राउझरकडून अपेक्षा राहिली. चुकलेला कोड कसा वाचायचा, याचेही आता ठरलेले नियम आहेत. शिकणाऱ्याला यामुळे एक अडचण येते: चूक कुठे आहे ते संगणक सांगत नाही, समोर जे दिसतं त्यावरून ती आपण ओळखायची असते.

लॅबमध्ये सर्वांत आधी भेटणारी चूक पानातली नसतेच, ती फाइलच्या नावातली असते. "बाई, आमची फाइल नोटपॅडमध्येच उघडते!" अशी हाक आली की समजावं, फाइलचं नाव `bag.html.txt` झालं आहे. सेव्ह करताना `Save as type` या चौकटीत `Text Documents` तसंच राहिलं की नोटपॅड शेवटी `.txt` जोडतं, आणि विंडोज नावाचा तो शेवटचा तुकडा सहसा लपवून ठेवतं. त्यामुळे मुलाला नाव बरोबरच दिसतं. खरी खूण असते चित्राची: फाइलवर ब्राउझरचं चित्र हवं, तिथे नोटपॅडचं दिसतं. सेव्ह करताना `All files` निवडलं की प्रश्न मिटतो. फाइल एक्सप्लोररच्या `View` मेनूतून `File name extensions` तासाआधीच सुरू करून ठेवलं, तर चूक निदान डोळ्यांना दिसते.

बंद न केलेल्या टॅगचीही प्रत्येकाची वेगळी खूण असते. शीर्षकानंतरचं सगळं पान मोठ्या ठळक अक्षरांत आलं, तर `</h1>` राहिलं आहे किंवा त्यातली तिरकी रेघ सुटली आहे. पान अगदी कोरं असेल आणि वरच्या टॅबवर मात्र भलतंच लांब नाव असेल, तर `</title>` राहिलं आहे, म्हणून ब्राउझरने पुढचा सगळा मजकूर शीर्षकातच घातला आहे. पान गेलं म्हणून रडवेल्या झालेल्या मुलाला `Ctrl+U` दाबून कोड दाखवावा. त्याने लिहिलेलं सगळं तिथे जागच्या जागी असतं.

मराठी पानात एक बिघाड जास्तीचा असतो, तो म्हणजे अक्षरांचा. पडद्यावर देवनागरीऐवजी काहीतरी विचित्र आलं की "फॉन्ट नाही" असं सरसकट म्हटलं जातं. पण त्या विचित्रपणाचे तीन वेगळे प्रकार आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

पहिला प्रकार `????`. संगणकात प्रत्येक अक्षर अंकांच्या रूपात साठवलं जातं. जुन्या विंडोजवरचं नोटपॅड आपणहून ज्या पद्धतीने साठवतं, तिचं नाव `ANSI`, आणि तिच्यात देवनागरीला सहसा जागा नसते. सेव्ह करताना नोटपॅड इशारा देतं, मुलं तो न वाचता `OK` दाबतात आणि प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह साठवलं जातं. इथे मजकूर खरोखरच गेलेला असतो. नोटपॅड अजून बंद केलं नसेल, तर `Encoding` या चौकटीत `UTF-8` निवडून पुन्हा सेव्ह करता येतं. एरवी नव्याने टाइप करण्यावाचून इलाज नाही. 2019 नंतरच्या विंडोज 10मध्ये नोटपॅड आपणहून `UTF-8` वापरतं, पण लॅबमध्ये त्याहून जुनी यंत्रं असतील, तर ही चौकट दर वेळी बघावी लागते.

दुसरा प्रकार `à¤®`. इथे काहीच हरवलेलं नसतं. `UTF-8` पद्धतीत 'म' हे एक अक्षर तीन बाइटमध्ये साठवलं जातं. ब्राउझरला पद्धत सांगितली नसेल, तर तो एकेक बाइट म्हणजे एकेक युरोपीय अक्षर धरतो, म्हणून एका 'म'ची तीन चिन्हं होतात. `<meta charset="utf-8">` ही ओळ लिहिली की सगळं जागेवर येतं. मात्र काही नवे ब्राउझर संगणकावरची फाइल उघडताना ही पद्धत स्वतःच ओळखतात. त्यामुळे ओळ विसरली तरी लॅबमध्ये पान छान दिसतं आणि सर्व्हरवर चढवल्यावर बिघडू शकतं. म्हणून समोर अडचण दिसत नसली, तरी ही ओळ घालायचीच.

तिसरा प्रकार `Hkkjr`. कार्यालयातल्या जुन्या फाइलमधून मजकूर चिकटवला की असं काहीतरी येतं. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये फाइलच्या आत इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा चेहरा देतो. फॉन्ट काढला की 'भारत'चं `Hkkjr` उरतं. `charset`ची ओळ इथे काही करू शकत नाही. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा किंवा इनस्क्रिप्ट अथवा फोनेटिक कीबोर्डने पुन्हा टाइप करावा. हे कीबोर्ड विंडोजच्या भाषा सेटिंगमधून जोडता येतात, त्यांना वेगळे पैसे पडत नाहीत. टॅग इंग्रजीत आणि मजकूर मराठीत असल्याने सतत अदलाबदल करावी लागते. नव्या विंडोजमध्ये त्यासाठी विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबतात. पहिल्या तासाला मुलांचा सर्वाधिक वेळ इथेच जातो, तो धरूनच नियोजन करावं.

उरला फोटो. तो दिसत नसेल, तर नाव जुळवून बघावं. विंडोजला `Methi.JPG` आणि `methi.jpg` एकच वाटतात, पण वेबवरचे बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि त्यांच्या लेखी या दोन वेगळ्या फाइली असतात. म्हणून नावं छोट्या इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता द्यावीत आणि फोटो पानाच्याच फोल्डरमध्ये ठेवावा. काही मुलं `src`मध्ये `C:` पासूनचा पूर्ण पत्ता लिहितात. फोटो त्यांच्या संगणकावर दिसतो, दुसरीकडे दिसत नाही. आणखी एक छुपं कारण म्हणजे व्हॉट्सअॅप किंवा वर्डमधून आणलेला कोड. त्यातली अवतरणचिन्हं कधी कधी वळलेली असतात, ब्राउझर ती फाइलच्या नावाचाच भाग समजतो आणि तशी फाइल त्याला सापडत नाही. मोबाइलचा फोटो कित्येक एमबींचा असतो. `width="400"` लिहिल्याने तो लहान दिसतो, पण फाइल तेवढीच जड राहते. त्यासाठी तो पेंट उघडून `Resize`ने आधीच लहान करून घ्यावा.

गटाचं पान पुरं झालं की नाही, हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन शेजारच्या गटाच्या संगणकावर उघडायचा. मराठी अक्षरं आणि फोटो तिथेही नीट दिसले, तर पान आपल्या पायावर उभं आहे. फोटो गायब झाला, तर पत्ता चुकला आहे.

पान जगाला दाखवायचं असेल, तर गिटहब पेजेस किंवा निओसिटीजसारख्या मोफत सोयी आहेत. पण गिटहबवर खातं उघडायला किमान 13 वर्षं वय लागतं आणि सातवीतली बरीच मुलं त्याहून लहान असतात. त्यामुळे खातं शिक्षकांचं असावं, आणि पानावर मुलांची पूर्ण नावं किंवा चेहरे नसावेत. तोवर शाळेच्या नेटवर्कवरचं सामायिक फोल्डर पुरतं. तिसऱ्या तासाला शिक्षकांनी `index.html` नावाचं एक पान बनवावं आणि त्यात `<a href="gat1/bag.html">` अशा ओळींनी दहाही गटांची पानं जोडावीत. मग कोणताही गट एका क्लिकवर दुसऱ्याची परसबाग बघू शकतो, आणि एखादी लिंक उघडली नाही, तर फोल्डरचं नाव कुठे चुकलं ते आता मुलंच शोधतात.