लिमिट पन्नास लाखांचं, मग चेक का परत आला?

इचलकरंजीतल्या एखाद्या यंत्रमागधारकाला बँकेनं ५० लाखांचं कॅश क्रेडिट मंजूर केलं, म्हणजे ५० लाख कधीही उचलता येतात असं नाही. ती झाली कमाल मर्यादा. प्रत्यक्षात किती उचलता येईल, हे दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून ठरतं. त्या रकमेला बँकेत ‘ड्रॉइंग पॉवर’ किंवा नुसतं ‘डीपी’ म्हणतात.

समजा, महिनाअखेरीस सूत, मागावरचा माल आणि तयार कापड मिळून ४६ लाखांचा स्टॉक आहे. त्यातलं २ लाखांचं कापड डागी, वर्षभर पडून राहिलेलं. बँक ते धरत नाही. जॉबवर्कसाठी आलेलं सूत शेडमध्ये असलं तरी ते दुसऱ्याच्या मालकीचं, म्हणून यादीत घ्यायचंच नाही. उरले ४४ लाख. सूतवाल्यांचे १४ लाख अजून द्यायचे आहेत. उधारीवर आणलेल्या मालात मालकाचा पैसा गुंतलेलाच नसतो. त्यावर बँकेनंही पैसे दिले, तर एकाच मालावर दोनदा उधारी होईल. म्हणून ती देणी वजा होतात. राहिलेल्या ३० लाखांवर २५ टक्के मार्जिन, म्हणजे साडेसात लाख, मालकानं स्वतःचे घालायचे. स्टॉकवरची डीपी झाली साडेबावीस लाख.

आता येणी. व्यापाऱ्यांकडून ४० लाख यायचे आहेत, पण त्यातल्या १० लाखांच्या बिलांना ९० दिवस उलटून गेले आहेत. मंजुरीपत्रात ९० दिवसांची अट असेल, तर ती बिलं बाद. उरलेल्या ३० लाखांवर मार्जिन ४० टक्के धरलं, तर १८ लाख मिळतात. एकूण डीपी साडेचाळीस लाख. मार्जिनचे टक्के आणि दिवसांची अट बँकेगणिक बदलते, ती मंजुरीपत्रात पाहावी.

चुकतं ते बहुधा सूतवाल्यांची देणी विसरल्यामुळे. ती वजा केली नाहीत, तर हाच हिशेब ५१ लाखांवर जातो आणि पूर्ण लिमिट आपलंच आहे असं वाटतं. त्या भरवशावर ४४ लाख उचललेले असतील, तर नवी डीपी लागताच खातं साडेतीन लाखांनी जास्त उचललेलं दिसतं आणि पुढचा चेक परत येतो. खात्यावरची बाकी सलग ९० दिवस डीपीच्या वर राहिली, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार खातं थकीत, म्हणजे एनपीए, ठरतं. स्टेटमेंट वेळेवर न देणंही महागात पडतं, कारण तीन महिन्यांपेक्षा जुन्या स्टेटमेंटवर काढलेली डीपी ग्राह्य धरली जात नाही.

म्हणून स्टेटमेंटवर सही करण्याआधी येण्यांची यादी बिलाच्या तारखेनुसार लावा. ऐंशी दिवस झालेलं ५ लाखांचं बिल आधी वसूल करा. ते नव्वदी ओलांडून गेलं, तर डीपी ३ लाखांनी खाली येईल.