स्ट्रासबर्गची मोकळीक

1971 साली लंडनच्या पोलिसांनी रिचर्ड हँडीसाइड या प्रकाशकाकडून ‘द लिटल रेड स्कूलबुक’च्या हजारावर प्रती जप्त केल्या. शाळकरी मुलांसाठीच्या या मूळ डॅनिश पुस्तकात लैंगिकतेवर एक विभाग होता. त्याला अश्लीलतेबद्दल दंड झाला आणि वाद स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेला.

1976 मध्ये तो हरला. न्यायालय म्हणालं, नीतिमत्तेची युरोपभर एकच कल्पना नाही. आपल्या समाजाला काय पेलतं, हे तिथल्या यंत्रणांना जास्त जवळून कळतं. म्हणून त्यांना काही मोकळीक द्यायची, शेवटची नजर मात्र न्यायालयाची. हेच ‘मार्जिन ऑफ अप्रिसिएशन’चं तत्त्व. तेच पुस्तक इतर अनेक युरोपीय देशांत खुलेआम विकलं जात होतं, तरी निकाल बदलला नाही.

टीकाकारांचा पहिला आक्षेप इथेच आहे: मोकळीक किती, हे आधी कळत नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. देशांमध्ये एकमत नसलं की मोकळीक वाढते, आणि एकमत बहुसंख्यच घडवतात. 1986 मध्ये ब्रिटनमधल्या एका ट्रान्स पुरुषाला जन्मनोंद बदलून मिळाली नाही, कारण न्यायालयाला तेव्हा देशांमध्ये पुरेसं एकमत दिसलं नाही. अशाच प्रश्नावर ब्रिटनविरुद्ध निकाल लागायला 2002 उजाडलं. ज्यांच्या बाजूने बहुमत कधीच नसतं, त्यांनाच न्यायालयाची खरी गरज असते. त्यांनाच सोळा वर्षं थांबावं लागलं.