काच काचेसारखी दिसावी म्हणून

काचेवर किंवा पारदर्शक ॲक्रिलिकवर समोरून प्रकाश टाकला, तर दोन्हींच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सारखाच, साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. तरीही परफ्यूमच्या एका जाहिरातीतली बाटली हातात घ्यावीशी वाटते आणि दुसरीतली शाम्पूच्या डबीसारखी दिसते. म्हणजे चकाकी वाढवून काच मिळत नाही. आपली नजर काच ओळखते ती तिच्या काळ्या कडांवरून, जाड तळातून वाकून आलेल्या प्रकाशावरून आणि एका बाजूला धारदार, दुसरीकडे विरत जाणाऱ्या प्रतिबिंबावरून. साधं प्लास्टिक आतून किंचित दुधाळ असतं, त्याचा पृष्ठभागही जरा लहरी असतो. त्यामुळे त्यात गडद काळं काहीच दिसत नाही आणि उजेड सगळीकडे सारखा पसरतो. फोटोग्राफरनेच चारी बाजूंनी मऊ पांढरा उजेड ओतला, तर अस्सल काचेचंही तेच होतं.

एक ठरावीक बाटली डोळ्यांपुढे घेऊ. १०० मिलीची, चौकोनी, गोलसर खांद्यांची. तळाला जाड काच, आत मधाच्या रंगाचा द्रव, वर दंडगोल सोनेरी झाकण. ती काळ्या ॲक्रिलिकच्या पाटीवर उभी आहे. कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवलेला, १०० मिमीची मॅक्रो लेन्स, ॲपर्चर एफ/११. खोली पूर्ण अंधारी आणि काम करणाऱ्यांचे कपडे शक्यतो काळे, कारण पांढरा शर्ट झाकणात हमखास दिसतो.

पहिला दिवा बाटलीच्या मागे लागतो. मागे दुधी ॲक्रिलिकचा पडदा उभा करायचा आणि त्याच्या पाठीमागून प्रकाश द्यायचा. हा पडदा जेमतेम फ्रेम भरेल एवढाच हवा. बाटलीच्या मधल्या भागातून आपल्याला तिच्या थेट मागचं दिसतं, पण कडेजवळ काच प्रकाशाला बराच वाकवते, म्हणून तिथे फ्रेमच्या बाहेरचं काहीतरी दिसतं. बाहेर अंधार असेल तर कडेला आपोआप काळी रेघ उमटते आणि बाटलीला आकार येतो. पडदा मोठा असला की ही रेघ पुसली जाते. एवढ्यानेही ती फिकी वाटली, तर दोन्ही बाजूंना फ्रेमच्या अगदी बाहेर काळे कार्डशीट उभे करायचे.

आता समोरचा सपाट भाग. तो आरसाच आहे, त्यामुळे बाटली सरळ ठेवली तर त्यात लेन्स दिसते. बाटली डावीकडे २० अंश वळवली, की तिच्या समोरच्या भागाला कॅमेऱ्यापासून ४० अंश डावीकडची जागा दिसू लागते. प्रतिबिंबाचा कोन नेहमी दुप्पट सरकतो. तेव्हा जे काही काचेत दिसायला हवं, ते त्या जागीच ठेवावं लागतं. इतरत्र कितीही मोठा दिवा लावा, समोरच्या भागावर तो येणार नाही. ती जागा शोधायला गणित करायची गरज नाही. एकाने कॅमेऱ्यातून पाहायचं आणि दुसऱ्याने छोटी टॉर्च फिरवायची. टॉर्च काचेत लुकलुकली, की जागा सापडली.

नवशिके त्या जागी सॉफ्टबॉक्स ठेवतात. मग काचेत चार कोपऱ्यांचा पांढरा चौकोन उमटतो, कडेपासून कडेपर्यंत सारखाच पांढरा, चिकटवलेल्या स्टिकरसारखा. त्याऐवजी तिथे आर्किटेक्ट वापरतात तसला जाड ट्रेसिंग पेपर चौकटीवर ताणून, बाटलीपासून वीतभर अंतरावर लावतात. दिवा त्या कागदाच्या मागे, मुद्दाम एका कडेला. दिव्याजवळचा कागद झगझगीत होतो आणि दुसऱ्या टोकाकडे उजेड हळूहळू मावळतो. काचेत हीच उतरण दिसते. दिवा कागदाजवळ नेला तर उतरण तीव्र होते, लांब नेला तर सपाट. कागदाची झगझगीत बाजू कुठे संपते हेही महत्त्वाचं. तिथे काळं कार्ड लावलं, की प्रतिबिंबाची ती कड सुरीने कापल्यासारखी दिसते. एक कड धारदार, दुसरी विरणारी: काचेची खूण हीच. कागदाला सुरकुती मात्र चालत नाही, कारण तीही काचेत दिसते.

खरी परीक्षा झाकणाची. दंडगोल धातू जवळजवळ अख्खा स्टुडिओ आपल्या अंगावर आखडून दाखवतो. शिवाय काच ४ टक्के प्रकाश परत देते, तर चकचकीत सोनेरी धातू ८० टक्क्यांच्या आसपास. एकच कागद झाकणात सुमारे वीसपट उजळ दिसतो. काचेसाठी एक्स्पोजर बरोबर ठेवलं, की झाकणावरची पट्टी पांढरीफटक होते आणि सोनं पिवळ्या रंगाच्या प्लास्टिकसारखं दिसतं. सोन्याची ओळख अशी, की त्याच्या चकाकीलाही सोन्याचा रंग असतो. काचेची चकाकी दिव्याच्याच रंगाची. म्हणून झाकणाचा वेगळा, कमी एक्स्पोजरचा फोटो घेतात आणि नंतर जोडतात. जोडताना दोन्हींची चकाकी एकसारखी करण्याचा मोह होतो. तो टाळावा. झाकण काचेपेक्षा ठळकपणे उजळ राहिलंच पाहिजे.

द्रवासाठी एक जुनी युक्ती आहे. चंदेरी कार्ड बाटलीच्या आकारात, पण चहूबाजूंनी थोडं लहान कापून बाटलीच्या मागे तिरपं टेकवायचं आणि त्यावर वरून छोटा दिवा मारायचा. द्रव आतून उजळतो. कार्ड कडेला टेकलं, की काळी रेघ गेली. उजेड सगळीकडे सारखा पडला तर परफ्यूमऐवजी सरबत वाटतं. तळाकडे जास्त आणि वर कमी, असा बरा.

पोलरायझिंग फिल्टरबद्दल अनेक जण विचारतात. काचेवरची चकाकी साधारण ५६ अंशांच्या कोनात तो जवळपास पूर्ण काढून टाकतो. पण चकाकी काढली की काचेचं अस्तित्वच संपतं आणि धातूवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. माझ्या मते या कामात तो बॅगेतच राहिलेला बरा.

बिघाड बहुतेक वेळा शेवटी, कॉम्प्युटरवर होतो. काचेच्या आतल्या, मागच्या पृष्ठभागाचं एक फिकट दुसरं प्रतिबिंब असतं. रिटचर त्याला घाण समजून पुसतो आणि बाटली एका थराची, पोकळ दिसते. कधी चकाकीची पट्टी नव्याने रंगवली जाते. ती ओळखायला खांद्याकडे पाहा. खरी पट्टी वळणावर वाकते आणि बारीक होते, रंगवलेली सरळ निघून जाते. मग खाली पाटीतलं उलटं प्रतिबिंब बघा. वरच्या बाटलीत उजेड डावीकडे आणि पाटीत उजवीकडे असेल, तर ते दोन वेगळे फोटो आहेत. कॅटलॉगमध्ये दोन्ही कडांना तंतोतंत सारख्या पांढऱ्या पट्ट्या दिसतात, त्याही मला पटत नाहीत. काचेला इतकी शिस्तबद्ध खोली क्वचितच भेटते.

घरी करून पाहायचं असेल तर एक टेबललॅम्प, ट्रेसिंग पेपर, काळं कार्डशीट आणि मोबाइल पुरतो. बाटली मऊ कापडाने पुसा आणि नंतर हातमोज्यांनीच धरा, कारण बोटांचे ठसे कागदाच्या उजेडात ठळक उठून दिसतात. दिव्यात एलईडी बल्बच लावा. जुना पिवळा बल्ब कागदाजवळ नेला तर कागद पेटू शकतो.