विषय : रेकॉर्डिंगसाठी खोली मिळणेबाबत

कॉलेजच्या संगीत मंडळाचा अर्ज बहुतेकदा महागड्या मायक्रोफोनपासून सुरू होतो. प्राचार्यांच्या टेबलावर तो तिथेच अडतो, आणि खरं तर अडायलाच हवा. आधी मागायची ती खोली.

समजा, ग्रंथालयामागची दहा बाय दहाची जुनी स्टोअररूम रिकामी आहे. अर्ज लिहिण्यापूर्वी तिथे उभं राहून एक टाळी वाजवावी. टाळीमागून पत्र्यासारखा झणझणता आवाज आला, तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज परत फेकताहेत. लांबी, रुंदी, उंची सारखीच असेल तर आणखी एक पंचाईत. दहा फुटांच्या अंतरात साधारण 56 हर्ट्झचा खर्ज अडकून फुगतो, आणि डग्ग्याचा घुमारा एका कोपऱ्यात दणदणतो, तर दुसरीकडे नाहीसा होतो. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून यातलं काहीच जात नाही. ट्रे आवाज अडवत नाहीत, खर्ज शोषत नाहीत, पेट मात्र चटकन घेतात. रॉकवूलचे दोन ते चार इंच जाडीचे, कापडात गुंडाळलेले पॅनेल, जाड पडदा आणि जमिनीवर सतरंजी, एवढ्याने गाणं नीट ऐकू येतं. बाहेरचा आवाज मात्र याने थांबत नाही. त्यासाठी दाराच्या फटी बुजवाव्या लागतात आणि रेकॉर्डिंगपुरता पंखा बंद ठेवावा लागतो.

मग सामान. दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस, गळ्यासाठी एक कंडेन्सर मायक्रोफोन, तबल्यासाठी डायनॅमिक, कान पूर्ण झाकणारे हेडफोन, स्टँड आणि केबल. मध्यम दर्जाचं घेतलं तर साधारण 40-50 हजारांत हे बसतं. कंडेन्सरला 48 व्होल्टची फँटम पॉवर लागते. ती इंटरफेसवर आहे की नाही, हे आधी बघून घ्यावं, नाहीतर माईक मुका राहतो. संगणक कॉलेजच्या लॅबमधलाच चालतो, आणि ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. ट्रीट न केलेल्या खोलीत संवेदनशील कंडेन्सर गायकाबरोबर पंखा, कॉरिडॉर आणि शिपाईमामांची चावीही टिपतो. म्हणून खोलीचं काम लांबणीवर पडणार असेल, तर आधी डायनॅमिकच घ्यावा.

पत्रातला सगळ्यात कामाचा परिच्छेद मात्र शेवटचा, आणि मुलं नेमका तोच गाळतात. चावी कोणाकडे राहील? सामानाची नोंद डेड स्टॉक रजिस्टरमध्ये कोणत्या विभागाच्या नावावर होईल? संध्याकाळी किती वाजेपर्यंत वापर, आणि त्या वेळी कोणते सर किंवा मॅडम हजर असतील? तीन दुकानांची कोटेशन्स आणि त्यांचा तुलनात्मक तक्ता सोबत जोडला, की अर्ज खरेदी समितीपुढे ठेवता येतो. तक्ता नसेल तर कारकून ‘कोटेशन जोडा’ असा शेरा मारून तो परत पाठवतात, आणि तोवर युवक महोत्सव उलटून गेलेला असतो.