२२० ऐवजी २६५ नॅनोसेकंद

टेबलावर दोनच भाग आहेत. एक तपकिरी-काळा-लाल पट्ट्यांचा रेझिस्टर, म्हणजे १ किलोओहम. दुसरा ‘101’ छापलेला सिरॅमिक कपॅसिटर, म्हणजे १०० पिकोफॅरड. दोन्ही आधी मीटरवर तपासलेले आणि छापील आकड्याच्या एक टक्क्याच्या आत आलेले. रेझिस्टरच्या एका टोकाला फंक्शन जनरेटर जोडलाय. दुसऱ्या टोकाशी कपॅसिटर लावून त्याचा दुसरा पाय ग्राउंडला नेलाय, आणि त्या जोडावर ऑसिलोस्कोपचा प्रोब अडकवलाय. सर्वांत साधा लो-पास फिल्टर तो हाच. मंद बदल तो जाऊ देतो आणि वेगवान बदल अडवतो.

जनरेटरकडून चौकोनी लहर येते. व्होल्टेज एका झटक्यात खालून वर जातं, जिन्याच्या पायरीसारखं. स्कोपच्या पडद्यावर मात्र पायरीचा वरचा कोपरा गोल झालेला दिसतो. ही चढण चढायला हिशेबाप्रमाणे २२० नॅनोसेकंद लागायला हवेत. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जांश. स्कोप दाखवतो २६५. भाग चोख आहेत, सूत्रही बरोबर आहे. मग वरचे ४५ कुठून आले?

आधी २२० कुठून आले ते बघू. कपॅसिटर भरतो तो रेझिस्टरमधून येणाऱ्या प्रवाहाने. हा प्रवाह दोन्ही बाजूंच्या व्होल्टेजमधल्या फरकावर ठरतो. सुरुवातीला फरक पूर्ण असतो, त्यामुळे व्होल्टेज भराभर वाढतं. जसजसा कपॅसिटर भरतो तसतसा फरक घटतो आणि भरण्याचा वेगही मंदावतो. भूक भागत जाते तसा घास लहान होत जावा, तसंच हे. म्हणून वक्र सुरुवातीला ताठ असतो आणि शेवटी आडवा पडत जातो. गणिताच्या दृष्टीने तो शंभर टक्क्यांना कधीच टेकत नाही.

जो वक्र कधी संपतच नाही, तो चढायला लागलेला वेळ मोजायचा कसा? यावर सर्वमान्य तोडगा असा: चढणीच्या १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत लागलेला वेळ मोजायचा. यालाच राइज टाइम म्हणतात. तळाशी आणि माथ्याशी रेघ इतकी आडवी आणि नॉइझने थरथरणारी असते की तिथे बोट ठेवून ‘इथे सुरू झालं, इथे संपलं’ असं सांगता येत नाही. १० आणि ९० टक्क्यांना ती तिरकी असते, त्यामुळे छेद नेमका मिळतो. आपल्या वक्रावर हे अंतर रेझिस्टन्स आणि कपॅसिटन्स यांच्या गुणाकाराच्या २.२ पट येतं.

tr = 2.2 × R × C

१ किलोओहम गुणिले १०० पिकोफॅरड म्हणजे १०० नॅनोसेकंद. त्याची २.२ पट २२०.

आता बँडविड्थ. याच फिल्टरमध्ये चौकोनी लहरीऐवजी साइन लहर सोडली आणि तिची फ्रिक्वेन्सी वाढवत नेली, तर एका ठिकाणी बाहेर येणारं व्होल्टेज मूळच्या ०.७०७ पट उरतं, म्हणजे शक्ती निम्मी होते. ती फ्रिक्वेन्सी म्हणजे या फिल्टरची बँडविड्थ. तिचं सूत्रही त्याच गुणाकारावर उभं आहे.

f = 1 / (2 × π × R × C)

दोन्ही सूत्रांचा गुणाकार केला की R आणि C निघून जातात. उरतं २.२ भागिले ६.२८, म्हणजे ०.३५. थोडक्यात, आत कोणते भाग आहेत हे ठाऊक नसलं तरी एका पायरीचा वेळ मोजून बँडविड्थ सांगता येते. वेळ नॅनोसेकंदांत असेल तर ३५० ला त्याने भागायचं, उत्तर थेट मेगाहर्ट्झमध्ये मिळतं. २२० साठी ते १.५९ मेगाहर्ट्झ. फ्रिक्वेन्सी वाढवत एकेक वाचन घेत बसण्यापेक्षा हे फार सुटसुटीत आहे.

मोजताना बऱ्याच स्कोपचा पडदाच मदत करतो. त्यावर ०, १०, ९० आणि १०० असे आकडे आणि आडव्या तुटक रेघा असतात. ० आणि १०० यांच्यात पाच चौकटींचं अंतर. उंचीचं बटण फिरवून लहरीचा तळ ० वर आणि माथा १०० वर बसवायचा. मग वक्र १० ची रेघ जिथे छेदतो तिथपासून ९० ची रेघ छेदतो तिथपर्यंतच्या आडव्या चौकटी मोजायच्या. एका चौकटीला ५० नॅनोसेकंद असा वेग ठेवला तेव्हा मला ५.३ चौकटी मिळाल्या. ५.३ गुणिले ५० बरोबर २६५.

इथे एक चूक सहज होते. माथा १०० वर बसवायचा तर लहर माथ्यापर्यंत पोचलेली असावी लागते. मी जनरेटर १०० किलोहर्ट्झवर ठेवला होता, म्हणजे प्रत्येक पायरीला ५००० नॅनोसेकंद मिळत होते. तोच २ मेगाहर्ट्झवर नेला तर पायरीला जेमतेम २५० मिळतात आणि कपॅसिटर भरायच्या आतच व्होल्टेज उलटतं. पडद्यावर त्रिकोणासारखी लहर दिसते. जिथवर ती पोचली तेच स्कोप शंभर टक्के धरतो आणि राइज टाइम १७५ च्या आसपास सांगतो, म्हणजे खऱ्यापेक्षा कमी. म्हणून वाचन घेण्याआधी बघायचं की माथा सपाट झालाय का.

माझा माथा सपाट होता. तरी आकडा २६५ च. म्हणजे सर्किटमध्ये मी न जोडलेलं आणखी काहीतरी होतं. पहिला संशय प्रोबवर. प्रोबच्या टोकाला स्वतःचा कपॅसिटन्स असतो आणि प्रोब अडकवला की तो आपल्या कपॅसिटरच्या शेजारी जाऊन बसतो. मोजणाराच सर्किटचा भाग होतो. पण नेमका किती?

हे शोधायला वेगळं उपकरण लागत नाही. मी त्याच जोडावर तसाच दुसरा प्रोब अडकवला आणि त्याची केबल स्कोपच्या दुसऱ्या चॅनलला लावली. वेळ २६५ वरून ३०० झाला. दुसऱ्या प्रोबने ३५ वाढवले, तर त्याच जातीच्या पहिल्यानेही ३५ च वाढवलेले असणार. २६५ मधून ३५ वजा केले की २३० राहतात. एकही प्रोब नसताना सर्किट जसं वागेल, तो हा आकडा.

२३० आणि २२० यांच्यातले १० जनरेटरचे. बहुतेक फंक्शन जनरेटरच्या आत ५० ओहमचा रेझिस्टन्स असतो आणि तो आपल्या १००० मध्ये मिळून १०५० होतो. पाच टक्के रेझिस्टन्स वाढला म्हणून वेळही पाच टक्के वाढला. २३० ला १.०५ ने भागलं की २१९, वाचनातली बारीकसारीक चूक धरून २२० च. हिशेब उलट करून प्रोबचा कपॅसिटन्सही काढता येतो: ३५ भागिले २.२, भागिले १०५०, म्हणजे साधारण १५ पिकोफॅरड. 10X प्रोबला एवढा असतोच.

प्रोबवरचं छोटं बटण 10X वरून 1X वर सरकवलं तर हाच फिल्टर ओळखू येत नाही. त्या अवस्थेत केबलचा आणि स्कोपच्या तोंडाशी असलेला सगळा कपॅसिटन्स थेट जोडावर येतो, आणि तो १०० पिकोफॅरडच्या घरात असतो. आपला कपॅसिटरही तेवढाच. वेळ ४६० च्या आसपास जातो, आणि ३५० ला ४६० ने भागलं की बँडविड्थ ०.७६ मेगाहर्ट्झ. एक बटण सरकवलं आणि बँडविड्थ निम्म्यावर आली. फिल्टर मात्र तोच आहे.

हा प्रोबचा भार आणि स्कोपचा स्वतःचा मंदपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांचे हिशेबही वेगळे. ५० मेगाहर्ट्झचा स्कोप कितीही ताठ पायरी ७ नॅनोसेकंदांपेक्षा कमी वेळात दाखवू शकत नाही. ३५० भागिले ५०, तेच गणित. पण हा वेळ आपल्या वेळात सरळ मिळवायचा नसतो. एकामागून एक येणाऱ्या आणि एकमेकांवर भार न टाकणाऱ्या टप्प्यांचे राइज टाइम वर्ग करून मिळवतात आणि त्यांचं वर्गमूळ घेतात. आपल्या २६५ मध्ये स्कोपचे ७ आणि जनरेटरच्या पायरीचे समजा २० या रीतीने घातले, तरी उत्तर २६६ च्या आतच राहतं. तोच फिल्टर ३० नॅनोसेकंदांचा असता तर पडद्यावर ३७ दिसले असते आणि चूक जाणवली असती. वर्गांचा हा नियमही अंदाजाचाच आहे: दोन सारखे RC टप्पे मध्ये बफर ठेवून जोडले तर तो १.४१ पट सांगतो, प्रत्यक्षात वेळ १.५३ पट होतो.

एका प्रसंगी ०.३५ पूर्ण फसवतं. ७४१ हा जुना ऑप-अँप घ्या. त्याचं आउटपुट एका मायक्रोसेकंदाला सुमारे अर्धा व्होल्टच वर जाऊ शकतं. तो त्याचा कमाल वेग. ५ व्होल्टची पायरी दिली तर १० ते ९० टक्के, म्हणजे ४ व्होल्ट चढायला त्याला ८ मायक्रोसेकंद लागतात. ०.३५ ला त्याने भागलं तर ४४ किलोहर्ट्झ येतात. लहान सिग्नलसाठी त्याची बँडविड्थ मात्र १ मेगाहर्ट्झच्या आसपास असते. इथे मंदपणा कपॅसिटर भरण्याच्या त्या वक्रातून आलेला नाही, म्हणून सूत्र लागू होत नाही.

हे ओळखायचं कसं? पायरीची उंची निम्मी करून पाहायची. RC फिल्टरमध्ये उंची घटली की चढण्याचा वेगही त्याच प्रमाणात घटतो, त्यामुळे वेळ बदलत नाही. ७४१ चे ८ मायक्रोसेकंद ४ वर येतात. माझ्या टेबलावर ५ व्होल्टची पायरी अडीच व्होल्ट केली, लहर पुन्हा ० आणि १०० च्या रेघांवर बसवली आणि चौकटी मोजल्या. ५.३ च भरल्या.