छेद वाढला की तुकडा लहान का होतो?

तिसरी-चौथीच्या मुलांना १/३ मोठा की १/४, असं विचारलं की बरीच मुलं १/४ म्हणतात, कारण चार तीनपेक्षा मोठे. अपूर्णांकांवरचा ॲनिमेशनपट या एकाच गैरसमजाभोवती बांधावा.

पहिल्या दृश्यात आई भाकरीचे दोन तुकडे करते, एक मोठा, एक लहान. "दोघांना अर्धी-अर्धी मिळाली का?" इथे चित्र थांबावं आणि वर्गाला बोलू द्यावं. भाग समान नसतील तर ती अर्धी नव्हे, हे मुलांनीच सांगायला हवं.

दुसऱ्या दृश्यात भाकरी नको. गोलाचे तीन समान भाग मुलांना वहीत करता येत नाहीत. कागदाच्या पट्टीचे येतात. बारा सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या एकाखाली एक येतात. वरचीचे तीन भाग, खालचीचे चार. मग एकेक भाग सरकत शेजारी येतो: चार सेंटिमीटर आणि तीन सेंटिमीटर. वाटेकरी वाढले, वाटा घटला. दोन्ही पट्ट्या सारख्याच लांबीच्या हव्यात, नाहीतर तुलनाच खोटी ठरते.

चिन्ह तिसऱ्या दृश्यातच यावं. पट्टी दुमडताना आडव्या रेषेखाली ४ उमटतो, हा छेद. एक भाग रंगवताना वर १ उमटतो, हा अंश.

शेवटी पडद्यावर एक पट्टी असमान चार भागांत विभागून एक भाग रंगवलेला दाखवा. मुलं त्याला १/४ म्हणाली, तर पहिलं दृश्य पुन्हा लावा.